दूषित पाण्यानंतर न थांबणारे जुलाब: अमीबा की जिआर्डिया?

प्रश्न: सहलीत विहिरीचे पाणी प्यायल्यापासून तीन आठवडे पातळ शौचास होते, रक्त पडत नाही, पण पोट फुगते आणि दुर्गंधी येते. हा अमीबा असेल का?

उत्तर: या लक्षणांवरून अमीबापेक्षा जिआर्डिया या सूक्ष्म परजीवीची शक्यता अधिक वाटते, कारण तो लहान आतड्यात राहून स्निग्ध पदार्थांचे शोषण बिघडवतो, तर अमीबा मोठ्या आतड्याला जखमा करत असल्याने मुरडा, आव आणि रक्त दिसते. निदान मात्र शौचाच्या तपासणीनेच होते, आणि जिआर्डिया रोज सापडेलच असे नसल्यामुळे वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावेत किंवा शौचातले परजीवीचे अंश ओळखणारी अँटिजेन चाचणी करावी. अहवालात नुसते 'अमीबाचे सिस्ट', म्हणजे त्याची कवचातली सुप्त अवस्था, एवढेच लिहिले असेल तर त्यावर लगेच विसंबू नये. निरुपद्रवी अमीबाचे सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसेच दिसतात. जिआर्डियासाठी प्रौढांना बहुधा टिनिडाझोल २ ग्रॅमचा एकच डोस दिला जातो. अमीबाच्या आजारात मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोलचा काही दिवसांचा कोर्स झाल्यावर आतड्यातले उरलेले सिस्ट मारण्यासाठी डायलोक्झानाइड फ्युरोएट (सहसा ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, १० दिवस) घ्यावे लागते, आणि बरे वाटले म्हणून नेमका हाच भाग सोडला जातो. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत व त्या काळात मद्य टाळावे. जिआर्डिया गेल्यावरही काहींना काही आठवडे दूध पचत नाही, त्यामुळे उरलेले जुलाब म्हणजे औषध फसले असे नव्हे. मात्र ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे किंवा रक्त दिसल्यास न थांबता डॉक्टरांना दाखवावे.