अनुवादाचे थकलेले बिल : आठवणपत्राने मुदत वाढत नाही

प्रश्न : मी पुण्यात मराठी–इंग्रजी कायदेविषयक अनुवाद करते. मुंबईच्या एका वकिलांच्या फर्मने ई-मेलने काम दिले : जुनी खरेदीखते, फेरफार आणि जबाब मिळून 212 पाने, पानाला 400 रुपये. 18 ऑगस्ट 2023 रोजी पूर्ण अनुवाद सही-शिक्क्यासह पोहोचवला. 2 सप्टेंबरला 84,800 रुपयांचे बिल दिले, त्यावर ‘30 दिवसांत देय’ असे छापले आहे. जानेवारी 2024 मध्ये त्यांचा ई-मेल आला : ‘तुमचे बिल प्रलंबित आहे, आमच्या अशिलाकडून रक्कम आली की देतो.’ त्यानंतर फोनवर नुसती आश्वासने. आता जून 2026 आहे. मी आठवणपत्र पाठवले तर मुदत वाढेल ना? माझ्या हिशेबाने ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. पत्रात काय लिहावे?

उत्तर : तुम्ही धरलेला ऑक्टोबर विसरा. मुदत अधिनियम, 1963 च्या अनुसूचीतील अनुच्छेद 18 सांगतो की, एखाद्याच्या सांगण्यावरून केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी, पैसे देण्याची वेळ ठरलेली नसेल तर, काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे. बिल कधी दिले याला येथे महत्त्व नाही. ‘30 दिवसांत देय’ ही ओळ तुम्ही एकट्याने, काम झाल्यानंतर छापलेली आहे. काम ठरवतानाच्या ई-मेलमध्ये तशी अट नसेल तर तिला ‘ठरलेली वेळ’ म्हणता येईल की नाही यावर समोरचा वकील तासभर वाद घालू शकेल आणि कदाचित जिंकेलही. अशा ठिकाणी शहाणा धनको स्वतःला गैरसोयीची, म्हणजे लवकरची तारीख धरून चालतो. ती 18 ऑगस्ट 2026 आहे, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दोन महिने आहेत.

आठवणपत्राने मुदत वाढत नाही. हा प्रश्न अनुवादक, लेखापाल, वास्तुविशारद असे सगळे मला विचारतात आणि बहुतेकांनी तोवर दोन-अडीच वर्षे पत्रे पाठवण्यात घालवलेली असतात. धनकोने दहा पत्रे लिहिली तरी घड्याळ थांबत नाही, ऋणकोने लिहिलेली एक ओळ मात्र ते नव्याने सुरू करते. त्याच अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे (आकड्याचे साम्य योगायोगाचे आहे, अनुच्छेद वेगळा आणि कलम वेगळे) मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने सहीनिशी देणे कबूल केले, तर त्या सहीच्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. फोनवरच्या ‘बघतो, करतो’ला येथे काहीही किंमत नाही, आणि तो फोन झाल्यावर लगेच ‘आपण आज सांगितल्याप्रमाणे’ असा एक ई-मेल तुम्ही उत्तर मागून पाठवला असता, तर हे पत्र मला लिहिण्याची वेळ आली नसती.

म्हणून जानेवारी 2024 चा ई-मेल हा तुमच्याकडचा सर्वांत मोलाचा कागद आहे. ‘अशिलाकडून रक्कम आली की देतो’ ही अट तुम्हाला मारक वाटत असेल, पण कलम 18 च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, पैसे देण्याची वेळ अजून आलेली नाही असे ऋणको म्हणत असला तरी ती कबुलीच ठरते. ‘बिल तपासून कळवतो’ एवढेच उत्तर असते तर मी असे म्हटले नसते, कारण त्यात देणे मान्य केलेले नाही. राहिला सहीचा प्रश्न. ई-मेलवरची कबुली कर्नाटक उच्च न्यायालयाने ग्राह्य धरली आहे, परंतु तुमच्यापुढील न्यायाधीश तोच दृष्टिकोन घेतील याची हमी मी देणार नाही. शिवाय तो ई-मेल भागीदाराने पाठवला की हिशेब विभागातील कारकुनाने, हेही विचारले जाईल. तो ग्राह्य ठरला तर मुदत जानेवारी 2027 पर्यंत जाते, पण तेवढ्या भरवशावर ऑगस्ट उलटू देऊ नका. तो मूळ खात्यात जपून ठेवा आणि छापील प्रत काढून निर्धास्त होऊ नका, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते. फर्मने करकपात केली असेल तर ती 26AS मध्ये दिसेल. काम दिल्याचा पुरावा म्हणून तिचा उपयोग होईल, मात्र केवळ तिच्या आधारावर देण्याची कबुली सिद्ध झाली असे न्यायालय मानेल, असे समजू नका.

आता पत्राकडे वळू. मुदतीसाठी ते निरुपयोगी असले तरी दोन कामे करते. पहिले काम व्याजाचे. व्याजाचा लेखी करार नसताना, व्याज अधिनियम, 1978 च्या कलम 3 नुसार, ‘या तारखेपासून व्याज मागणार’ अशी लेखी मागणी ऋणकोला केली असेल तर त्या मागणीत नमूद केलेल्या तारखेपासून न्यायालय व्याज देऊ शकते. तुमच्या आजवरच्या विनंतीवजा संदेशांत व्याजाचा उल्लेख नसेल, तर मागील तीन वर्षांचे व्याज जवळजवळ गेले असे समजा. दर मात्र बँकांच्या ठेवींवरील चालू कमाल दराच्या आत ठेवा; 24 टक्के लिहिल्याने कोणी घाबरत नाही, उलट पत्राचे वजन कमी होते. दुसरे काम सहीची कबुली मिळवण्याचे.

मजकूर साधारण असा ठेवावा : ‘आपल्या अमुक तारखेच्या ई-मेलनुसार मी 212 पानांचा अनुवाद प्रति पान 400 रुपये दराने करून 18 ऑगस्ट 2023 रोजी आपणास सुपूर्द केला. त्यापोटी रु. 84,800 आपणाकडून येणे आहेत व आपल्या जानेवारी 2024 मधील ई-मेलमध्ये ही थकबाकी आपण मान्य केली आहे. ही रक्कम पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत द्यावी. तसे न झाल्यास या पत्राच्या तारखेपासून बँक ठेवींवरील चालू कमाल दराने व्याज मागितले जाईल व दावा दाखल केला जाईल. लगेच देणे शक्य नसल्यास, खालील शिल्लक-पुष्टीवर भागीदारांची सही व तारीख घालून प्रत परत करावी.’ खाली एका ओळीत ‘आजअखेर रु. 84,800 देणे आहोत’ असे छापा. पैसे देण्याची टाळाटाळ करणारे अनेकदा मुदतवाढीच्या बदल्यात ही सही देतात, आणि तुम्हाला या घडीला पैशांपेक्षा तीच अधिक हवी आहे. अनुवाद अपुरा होता, चुकांचा होता अशी तक्रार आजवर आलेली नसेल तर तेही एका वाक्यात नमूद करा. नंतर सुचलेले दोष मग उघडे पडतात. ‘60,000 मध्ये मिटवू’ असे या पत्रात चुकूनही लिहू नका. पत्र स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपा, आणि तेच ई-मेलनेही पाठवा.

त्यांच्या अशिलाने पैसे दिले नाहीत ही सबब माझ्या मते टिकणार नाही, कारण काम तुम्हाला फर्मने सांगितले आणि त्या अशिलाशी तुमचा करार नाही. मात्र मूळ ई-मेलमध्ये ‘अशिलाच्या वतीने’ अशी भाषा आहे का हे मला न पाहता सांगता येणार नाही. दावा पुण्यात लावता येईल असे वाटते, तरी न्यायक्षेत्राची अट कुठे स्वीकारली आहे का ते पाहून घ्या. उद्यम नोंदणी ऑगस्ट 2023 पूर्वीची असेल तर सूक्ष्म व लघु उपक्रमांच्या परिषदेकडे जाता येईल आणि तेथे व्याज बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढीने आहे. नोंदणी आता केली तर जुन्या कामाला तिचा लाभ मिळवणे कठीण आहे.

15 दिवसांत पैसेही नाहीत आणि सहीही नाही, असे झाले तर तेवढ्यावरच दाव्याची कागदपत्रे स्थानिक वकिलांकडे द्या आणि जुलैअखेर दावा दाखल करून घ्या. आदेश 37 खालील संक्षिप्त दावा चालेल का, हे दर आणि पाने ई-मेलमध्ये किती स्पष्टपणे ठरली आहेत यावर अवलंबून राहील. साध्या दाव्याला आपल्याकडे किती वर्षे लागतात हे मी सांगायला नको, त्यामुळे हा प्रयत्न करून पाहावा. ऑगस्ट उलटल्यानंतर तुमच्या हाती जानेवारीच्या ई-मेलवरचा वाद उरेल, किंवा मग करार अधिनियमाच्या कलम 25(3) खालील, मुदतबाह्य देणे फेडण्याचे नवे लेखी वचन. आणि जवळजवळ तीन वर्षे नुसती आश्वासने देणारी फर्म ते आपणहून लिहून देईल असे मला वाटत नाही.