बदाम सातच्या धर्तीवर भातशेतीचे अन्नजाळे

प्रश्न : सहावीला अन्नसाखळी आणि अन्नजाळे शिकवायचे आहे. वर्गात चाळीस मुले आहेत. पत्त्यांच्या खेळातून हा पाठ कसा घेता येईल?

मी हा पाठ पस्तीस मिनिटांच्या दोन तासिकांत घेतो. त्यासाठी जंगल किंवा समुद्र न निवडता भाताचे शेत निवडतो. वाघ-हरणाची साखळी मुलांना पाठ असते, पण शेताच्या बांधावरचे प्राणी त्यांनी स्वतः पाहिलेले असतात आणि कोण काय खाते यावर ती आपणहून वाद घालतात.

पाच मुलांचा एक गट केल्यास आठ गट होतात आणि प्रत्येक गटाला चोवीस पानांचा एक संच लागतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून ही पाने फुकटात तयार होतात. संचात भाताची चार पाने, बांधावरच्या गवताची तीन, नाकतोड्याची तीन, तुडतुडा, उंदीर, चिमणी, बेडूक आणि कोळी यांची प्रत्येकी दोन, तर धामण, गायबगळा, घुबड आणि मुंगूस यांचे प्रत्येकी एक पान असते. गांडूळ आणि बुरशी ही दोन पाने मी सुरुवातीला स्वतःच्या खिशात ठेवतो.

पानावर चित्र, नाव आणि ‘मी काय खातो’ एवढेच लिहावे, ‘मला कोण खाते’ हे मुळीच लिहू नये. पहिल्या वर्षी मी दोन्ही लिहिले होते आणि मुले नावाला नाव जुळवून मोकळी झाली. बेडकाचा विचार कोणी केलाच नाही. बेडकाच्या पानावर नाकतोडा, तुडतुडा, कोळी अशी तीन नावे येतात. नाकतोडा भात आणि गवत खातो, तुडतुड्याच्या पानावर फक्त भात, कोळ्याच्या पानावर फक्त तुडतुडा. उंदीर भात आणि गवत, चिमणी भात आणि नाकतोडा, गायबगळा नाकतोडा आणि बेडूक, धामण उंदीर आणि बेडूक, घुबड उंदीर आणि चिमणी, तर मुंगूस उंदीर आणि धामण. प्रत्यक्षात यांतील बहुतेकांचे खाणे याहून बरेच विविध असते, पण सहावीसाठी एवढे पुरते. भात आणि गवताच्या पानांवर ‘मी सूर्यप्रकाश वापरून माझे अन्न तयार करतो’ असे लिहावे.

खेळ बदाम सातसारखाच आहे, त्यामुळे नियम समजावण्यात वेळ जात नाही. प्रत्येकाला चार पाने वाटावीत आणि उरलेली चार मध्ये पालथी ठेवावीत. सत्तीच्या जागी येथे वनस्पती : ओळ वनस्पतीनेच उघडते आणि ओळीच्या शेवटच्या पानाला जो खातो, त्याचेच पान पुढे लागते. लावता आले नाही तर मधले एक पान उचलावे आणि ती संपली असतील तर पास म्हणावे. ज्याची पाने आधी संपतील तो जिंकतो.

आता या पाठातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट : हा खेळ मध्येच अडला पाहिजे. बहुतेक गटांत तो अडतोच, आणि तेव्हा शिक्षकाने घाईने मदत करू नये. गेल्या वर्षी एका गटात दोन्ही तुडतुड्यांवर बेडूक बसले होते आणि एका मुलीच्या हातात कोळी उरला होता. ती चिडून म्हणाली, “सर, तुडतुडा बेडूकही खातो आणि कोळीही खातो, मग मी त्याच पानाला दुसरी ओळ का काढू नये?” अन्नजाळ्याची व्याख्या मी त्या तासाला फळ्यावर लिहिली, ती तिच्या या वाक्यानंतर. साखळी ही त्या जाळ्यातून उचललेली एक वाट असते हे त्या क्षणी मुलांना सांगावे लागत नाही.

दुसऱ्या तासिकेला गटाने बारा सजीवांचे प्रत्येकी एक पान मोठ्या कागदावर पसरून बाण काढायचे असतात. वरच्या यादीप्रमाणे बरोबर एकोणीस बाण होतात, त्यामुळे फिरता फिरता नुसते मोजूनही तपासणी होते. येथे हमखास होणारी चूक बाणाच्या दिशेची आहे. घुबड उंदरावर झडप घालते, म्हणून मुले बाण घुबडाकडून उंदराकडे काढतात. “बाण ऊर्जेची दिशा दाखवतो” हे वाक्य मुले पाठ करतात आणि तरीही उलटाच बाण काढतात. त्यापेक्षा प्रत्येक बाण मोठ्याने वाचायला लावावा : ‘उंदीर घुबडाच्या पोटात जातो.’ उलट बाण वाचताना ‘घुबड उंदराच्या पोटात जाते’ असे तोंडून निघाले की सगळा गट हसतो आणि बाण आपोआप सुधारतो.

यानंतर मी बेडकाचे पान उचलायला सांगतो. त्याच्याकडे येणारे तीन आणि त्याच्याकडून जाणारे दोन बाण पुसले जातात, चौदा उरतात. “धामण उपाशी मरेल” हे उत्तर लगेच येते, कारण मुले अजून साखळीतच विचार करत असतात. मग विचारावे की तुडतुड्यांचे काय होईल. ते वाढतील, भाताला त्रास होईल. पण तुडतुडे वाढले आणि खाणारा बेडूकही गेला, म्हणून कोळीही वाढतील आणि ते तुडतुड्यांना काही प्रमाणात आवरतील. धामण आता उंदरांच्या मागे जास्त लागेल, म्हणजे बेडकाशी थेट बाण नसलेल्या घुबडाचेही खाणे कमी होईल. शेवटी कोण किती वाढेल हे या कागदावरून ठरत नाही, कारण बाण फक्त कोण कोणाला खातो ते दाखवतो, किती खातो ते नाही. मुलांनी “दोन्ही बाजूंनी ओढ आहे” असे म्हटले तर ते उत्तर पूर्ण धरावे. आपल्या देशातून बेडकांच्या पायांची निर्यात होत असे आणि ती 1987 मध्ये बंद करण्यात आली, ही गोष्ट मी येथेच सांगतो.

खिशातली दोन पाने अखेरीस बाहेर येतात. मेलेल्या मुंगसाचे काय होते, एवढे विचारले की बुरशीकडे बाण कोणाकोणाकडून न्यायचा यावर मुले थबकतात आणि मग सगळ्यांकडूनच न्यावा लागतो हे त्यांच्या लक्षात येते. विघटकांकडून भाताकडे परत जाणारी रेघ मात्र तुटक काढून घ्यावी. मातीत परत जातात ते क्षार. ऊर्जा परत जात नाही, ती भाताला पुन्हा सूर्याकडूनच घ्यावी लागते.

जाताना चिठ्ठीवर एकच प्रश्न द्यावा : शेतातले गायबगळे कमी झाले तर तुडतुड्यांवर काय परिणाम होईल? बगळ्याच्या पानावर तुडतुडा नाही. म्हणून “काहीच नाही” लिहिणारे मूल अजून फक्त थेट बाण वाचते आहे, आणि “बेडूक वाढतील, म्हणून तुडतुडे कमी होतील” असे लिहिणाऱ्याला जाळे वाचता येऊ लागले आहे. माझ्या वर्गात पहिल्या प्रकारच्या चिठ्ठ्या दरवर्षी दहा-बारा तरी निघतात; त्या मुलांना मी दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा समोर ठेवून बोटाने बगळ्यापासून उलट मागे जायला लावतो.