पुढचा दात गुलाबी दिसतोय, रूट रिसॉर्प्शन आहे म्हणे, म्हणजे शरीराच्याच पेशी दात खातायत. रूट कॅनाल करावंच लागेल का?

एक डॉक्टर इंटर्नल म्हणतात, म्हणजे आतून, दुसरे एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून. एक्स-रेत मुळाच्या वरच्या भागात काळा डाग आहे, दुखत अजिबात नाही. एक्स-रेवरून फरक कसा कळतो, आणि दोन्हींचे उपचार वेगळे असतात का?

दोघांनाही आधी एक विचारा: एक्स-रे किती काढले आणि कुठल्या कुठल्या कोनातून? उत्तर ‘एकच’ आलं तर दोघांचंही निदान बाजूला ठेवा.

मी एंडोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे रूट कॅनाल हेच माझं पोट. तरीही सांगते, गुलाबी दात दिसला की ड्रिल उचलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्याला कारण आहे.

एमडीएस झाल्यावर मी एका मोठ्या क्लिनिकमध्ये नोकरीला होते. मालक सर वयाने आणि नावाने मोठे. एक मुलगी आली, पंचविशीची, लग्न ठरलेलं. वरच्या उजव्या पुढच्या दातावर हिरडीलगत मसूरभर गुलाबी ठिपका होता. दुखणं नाही, सूज नाही. शाळेत असताना ब्रेसेस लावलेल्या, एवढाच इतिहास. सरांनी आरव्हीजीवर, म्हणजे डिजिटल मशीनवर, एक एक्स-रे काढला, काळा डाग पाहिला आणि मला म्हणाले, “पिंक स्पॉट आहे, इंटर्नल आहे. आज ओपन कर, पुढच्या आठवड्यात कॅप.” मी म्हटलं, “सर, कोन बदलून एक शिफ्ट काढू का?” त्यावर सगळ्या स्टाफसमोर ऐकवलं, “कॉलेजात मम्मरी शिकवला नाही का तुम्हाला?”

शिकवला होता. मम्मरीने 1920 मध्ये गुलाबी दाताचं वर्णन केलं आणि तेव्हापासून ते नाव इंटर्नलला चिकटलं. पण गुलाबी रंग येतो तो रक्तवाहिन्यांनी भरलेल्या ऊतीचा. ती ऊती दात आतून खात असो की बाहेरून, वरचं एनॅमल पातळ झालं की रंग तोच दिसतो. उलट आजच्या अनुभवाने सांगते, हिरडीलगतचा गुलाबी ठिपका बहुतेक वेळा दाताच्या मानेशी बाहेरून आत शिरलेल्या सर्व्हायकल रिसॉर्प्शनचा निघतो. खरं इंटर्नल त्यामानाने क्वचित दिसतं.

नसेच्या चाचणीनेही हा वाद मिटत नाही. त्या मुलीला थंड स्प्रे लगेच लागला, म्हणजे नस जिवंत होती. पण इंटर्नल चालू राहायलाही आतली नस निदान टोकाकडे जिवंत असावी लागते. रक्तपुरवठा नसेल तर दात खाणाऱ्या पेशी जगणार कशा? त्यामुळे ‘थंड लागतंय’ यावरून काही ठरत नाही.

सर पुढच्या पेशंटकडे गेल्यावर मी दुसरा एक्स-रे काढलाच. एक्स-रेची नळी थोडी एका बाजूला सरकवायची, बाकी सगळं तसंच. इंटर्नलचा डाग नसेच्या नळीतूनच उगवलेला असतो, त्यामुळे कोन बदलला तरी तो नळीला सोडत नाही. बाहेरचा डाग नळीच्या पुढे किंवा मागे असतो, म्हणून तो नळीवरून सरकतो. एक्स-रेची नळी नेली त्याच दिशेला डाग सरकला तर तो टाळूकडचा, उलट दिशेला सरकला तर ओठाकडचा. त्या मुलीच्या दातात डाग उलट दिशेला सरकला.

सरकणं समजायच्या आधीच पहिल्या एक्स-रेतही एक खूण होती, फक्त पाहायची होती. इंटर्नलमध्ये नळीच स्वतः फुगलेली असते, अजगराने काही गिळल्यावर मध्येच फुगवटा यावा तशी. कडा गुळगुळीत, आकार बऱ्यापैकी समतोल, आणि त्या फुगवट्याच्या आत नळीच्या मूळ रेषा शोधूनही सापडत नाहीत. सर्व्हायकलमध्ये डागाच्या कडा वेड्यावाकड्या आणि एका बाजूला कललेल्या, पण डागाच्या आतून नळीच्या दोन पांढऱ्या रेषा सरळ जाताना दिसतात. याचं कारण असं, की नसेभोवती प्रीडेंटीन आणि डेंटीनचा एक पातळ थर असतो, तो या पेशींना सहसा खाता येत नाही. रिसॉर्प्शन नसेला वळसा घालून पसरतं आणि नस बऱ्याच उशिरापर्यंत शाबूत राहते. तिच्या एक्स-रेत त्या दोन्ही रेषा स्पष्ट होत्या. मग एवढं होऊनही दात दुखत का नव्हता, हेही कळतं.

तपासताना आणखी एक गोष्ट. हिरडी जरा बाजूला करून प्रोब आत घातला तर तळ कडक लागला, खरखर ऐकू आली आणि भळकन रक्त आलं. किडलेला दात मऊ लागतो आणि असं रक्त येत नाही.

मी सरांना दोन्ही एक्स-रे शेजारीशेजारी दाखवले. ते म्हणाले, “काहीही असो, रूट कॅनाल केलं की थांबतं.” तिथे आमचं कायमचं बिनसलं, कारण हे वाक्य अर्ध्या केसेसमध्ये खरं आणि अर्ध्यांमध्ये दात घालवणारं आहे. मी त्या मुलीला आणि तिच्या बाबांना बाजूला घेऊन सीबीसीटी, म्हणजे दाताचा त्रिमितीय स्कॅन, करायला सांगितलं, छोट्या फील्डचा, फक्त पुढच्या दातांचा. त्यात दिसलं की ओठाच्या बाजूने, एनॅमल संपतं त्याच्या जरा खाली एक लहान तोंड आहे, आत पोकळी पसरली आहे, नसेजवळ पोचली आहे, पण नसेला छेद नाही आणि मुळात खाली उतरलेली नाही. सर्व्हायकल रिसॉर्प्शन किती पसरलंय त्यावरून हेदरसे या दंततज्ज्ञाने चार वर्ग पाडलेत, त्यात हा दुसरा वर्ग.

असल्या दातात रूट कॅनाल करून काय होतं? नस काढली, नळीत गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरला, पण खाणाऱ्या पेशींचा पुरवठा हिरडी आणि दात हाडाला धरून ठेवणाऱ्या पेरिओडॉन्टल लिगामेंटमधून येतो. त्यांना आतल्या नसेशी देणंघेणं नाही. तोंड बाहेरून उघडंच राहतं आणि दात त्या तोंडातून खाल्ला जातच राहतो, आता फक्त मेलेला दात.

शेवटी केस मी केली, पण दुसऱ्या क्लिनिकमध्ये, हिरड्यांची तज्ज्ञ असलेल्या एका पेरिओडॉन्टिस्ट मैत्रिणीबरोबर. भूल दिली, ओठाकडच्या हिरडीचा फ्लॅप उचलला आणि पोकळीतली लालसर ऊती खरवडून काढली. मग आजूबाजूच्या हिरडीला ग्लिसरीन लावून 90 टक्के ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड कापसाच्या बारीक बोळ्याने आत दाबलं. त्याने उरलेली ऊती पांढरी पडून मरते आणि रक्त थांबतं. हे महत्त्वाचं, कारण डेंटीनच्या बारीक फटींत शिरलेली ऊती नुसत्या क्युरेटने निघत नाही, आणि तीच राहिली तर सगळं परत सुरू होतं. तळ कडक आणि कोरडा लागेपर्यंत आम्ही हे पुन्हा पुन्हा केलं. मग पुढचा दात म्हणून कॉम्पोझिटने भरलं आणि फ्लॅप शिवला. नस हात न लावता तशीच ठेवली. दीड वर्षाने ती दाखवायला आली तेव्हा थंड लागत होतं, डाग वाढला नव्हता. हिरडी त्या जागी किंचित खाली सरकली होती, जवळून पाहिलं तर कळायची.

आता इंटर्नलबद्दल, कारण तुमचा दात तसा असेल तर वरचं सगळं उलट होतं. तिथे रूट कॅनाल हाच उपचार आहे आणि तो ‘बघू सहा महिन्यांनी’ असा टाळायचा नाही. आतली नस काढली की पेशींचं अन्न संपतं आणि रिसॉर्प्शन जागच्या जागी थांबतं. दात उघडला की रक्त खूप येतं, टोकाकडची जिवंत नस निघाली की ते थांबतं. रक्त थांबतच नसेल तर आतून बाहेर छेद झालाय अशी शंका घ्यायची, किंवा मुळात निदानच चुकलंय अशी. नळी साफ करायची फाईल सरळ जाते, फुगवट्याच्या कोपऱ्यांना ती लागत नाही. म्हणून हायपोक्लोराइटचं जंतुनाशक द्रावण अल्ट्रासॉनिकने खेळवायचं, मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून एकदोन आठवडे ठेवायचं आणि शेवटी गटापर्चा गरम करून भरायचा, नाहीतर फुगवटा रिकामा राहतो. छेद झाला असेल तर तो बुजवायला तिथे एमटीए किंवा बायोडेंटीन सिमेंट.

माझ्या बोलण्यावरून ‘एक्स्टर्नल म्हणजे रूट कॅनाल नको’ असं मात्र घेऊ नका. पडल्यामुळे दात निखळून परत बसवला असेल आणि नस मेली असेल, तर आतले जंतू डेंटीनच्या नळ्यांतून मुळाच्या पृष्ठभागाला पोचतात. तिथे एक्स-रेत मुळाच्या बाजूंना खोलगट खड्डे आणि लगतच्या हाडातही काळेपणा दिसतो. हे बाहेरचं असून रूट कॅनालनेच थांबतं. याउलट दात हाडालाच चिकटला असेल, म्हणजे लिगामेंटची काळी रेषा गायब, मुळाच्या जागी हाडच भरत चाललेलं, टकटक केलं की टणक धातूसारखा आवाज, तर ते कशानेच थांबत नाही, फक्त वेग कमीजास्त. आणि सर्व्हायकलच वाढून नसेत घुसलं असेल तर रूट कॅनालही करावं लागतं आणि बाहेरून दुरुस्तीही. हेदरसेने 1999 मध्ये स्वतःच्या केसेसचे निकाल छापले, त्यात पहिल्या दोन वर्गांतले सगळे दात टिकले, तिसऱ्यातले साधारण 78 टक्के, आणि चौथ्यातले फक्त 12.5. चौथ्या वर्गात मी स्वतः ड्रिल लावत नाही. दुखत नसेल तर आहे तोवर वापरा म्हणते आणि इम्प्लांटची तयारी करून ठेवा म्हणते.

तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, त्यामुळे कुठला डॉक्टर बरोबर हे मी सांगणार नाही. दुसरा कोन काढून घ्या, डागातून नळीच्या रेषा दिसतात का ते स्वतः पाहा, आणि तरी शंका राहिली तर दात उघडायच्या आधी सीबीसीटी करा, नंतर नाही. ‘सीबीसीटीचा खर्च कशाला’ असं म्हणणाऱ्याला विचारा, डाग ओठाकडे आहे की टाळूकडे. फ्लॅप कुठून उचलायचा ते त्यावरच ठरतं. माझे जुने सर अजूनही एकाच एक्स-रेवर सांगतात, असं ऐकते.