कालवा अरुंद केला तर पाणी चढतं की उतरतं?

मोऱ्या आणि कालव्यांच्या कामांवरून एकच गोंधळ पुन्हा पुन्हा कानावर येतो, म्हणून आज त्यावरचीच पत्रं घेतली आहेत. आकडे एकाच कालव्याचे धरतो: आयताकृती, रुंदी ६ मीटर, पाण्याची खोली २ मीटर, विसर्ग सेकंदाला १२ घनमीटर, तळ सपाट.

प्रश्न: आमचा प्रवाह सबक्रिटिकल आहे हे कसं ओळखायचं?

वाहत्या पाण्यात खडा टाका. तरंग प्रवाहाविरुद्ध वर सरकले तर सबक्रिटिकल, म्हणजे पाण्याचा वेग तरंगांच्या वेगापेक्षा कमी. दोन्ही सारखे झाले की क्रिटिकल.

प्रश्न: कालवा अरुंद केला की त्या जागी पाणी चढतं, असं गावात सगळे सांगतात. खरं का?

नाही. प्रवाह सबक्रिटिकल असेल तर मर्यादेपर्यंत उतरतं. खोली आणि वेगामुळे येणारी ऊर्जा मिळून होते ती स्पेसिफिक एनर्जी. आपल्या कालव्यात वेग सेकंदाला १ मीटर, म्हणून ती २.०५ मीटर. तळ सपाट असेल आणि घर्षण नगण्य धरलं, तर अरुंद भागातही ती तेवढीच राहते. तिथे वेग वाढला की वाढीव वेगाचा हिस्सा खोलीतूनच जातो. रुंदी ४ मीटर केली तर खोली १.९३ होते, ३ मीटर केली तर १.८०.

गावकऱ्यांना जे दिसतं ते मोरीच्या *वर* दिसतं. कडा काटकोनी असतील तर बाहेर पडताना ऊर्जा वाया जाते आणि मोरीच्या वरच्या बाजूला थोडा फुगवटा येतो. पट्टी मोरीच्या आत लावून बघा, तिथे पाणी खालीच असेल.

प्रश्न: ठेकेदाराने हिशोब दाखवला, किमान रुंदी २.४० मीटर येते. मग अडीच मीटरची बॉक्स मोरी पुरेशी ना?

हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष धोकादायक आहे. किमान रुंदी म्हणजे जिथे खोली क्रिटिकल होते ती रुंदी. क्रिटिकल खोली एनर्जीच्या दोन तृतीयांश, म्हणजे १.३७ मीटर. त्या खोलीवर मीटरभर रुंदीतून सेकंदाला जास्तीत जास्त ५ घनमीटर पाणी जातं. १२ भागिले ५, म्हणजे २.४०.

आता पुढचं नीट वाचा. अडीच मीटरला खोली १.५८ येते आणि २.४० ला १.३७. दहा सेंटीमीटर रुंदी कमी झाली आणि पाणी एकवीस सेंटीमीटर उतरलं! ४ मीटरवरून ३ मीटरवर येताना एवढ्या मोठ्या कपातीला फक्त तेरा सेंटीमीटर गेले होते. क्रिटिकलजवळ पाणी असंच वागतं: पृष्ठभाग लाटांचा, अस्थिर. तिथे एक फांदी अडकली, एका बाजूला गाळ बसला, की मर्यादा ओलांडली.

दुसरी युक्तीही ओळखून ठेवा. कागदावर "३ मीटर" लिहितात आणि मधली भिंत त्यातच धरतात. ४५ सेंटीमीटरची भिंत वजा केली की उरतात २.५५. त्यात वीस सेंटीमीटर कचरा अडकला तर २.३५, म्हणजे चोक: किमान रुंदीपेक्षा कमी, आणि पाणी वरच्या बाजूला तुंबतं. म्हणून निव्वळ मोकळी रुंदी मोजायला लावा. किमान रुंदी ही दूर राहण्याची रेषा आहे, डिझाइनची रुंदी नव्हे. पुराचा विसर्ग आणि त्यावेळची खोली घेऊन हिशोब पुन्हा करायला हवा. तो अनुभवी जलअभियंत्याकडून तपासल्याशिवाय पाया खोदू नका.

प्रश्न: चोक झाला की विसर्ग कमी होतो का?

वरून येणारं पाणी येतच राहतं, म्हणून शेवटी विसर्ग तेवढाच जातो. बदलते ती वरची पातळी. रुंदी २ मीटर केली तर आत क्रिटिकल खोली १.५४ मीटर लागते आणि तेवढ्यासाठी २.३१ मीटर एनर्जी हवी. कालव्यात ती नाही, म्हणून पाणी वरच्या बाजूला साठत साठत २.२७ मीटरवर जाऊन थांबतं. सत्तावीस सेंटीमीटर! काठ तेवढा उंच नसेल तर पाणी शेतात शिरतं. फुगवटा वर किती लांब जाईल हे तळाच्या उतारावर ठरतं. ते मोजमापाशिवाय सांगणार नाही.

प्रश्न: मग पाणी मोजायच्या फ्ल्यूममध्ये मुद्दाम अरुंद का करतात?

क्रिटिकल खोली आली की वरच्या एका पातळीवरून विसर्ग कळतो. तिथे फुगवटा आधीच हिशोबात धरून काठ उंच केलेले असतात.

प्रश्न: गेल्या पावसाळ्यात मोरीच्या वर पाणी फुगलं होतं. यंदाचा पाऊस बघून ठरवू का?

नका. कोरडं असतानाच आतून पट्टी लावून रुंदी मोजा, काठावरची पुराची खूण तळापासून किती उंच आहे ते घ्या आणि पाटबंधारे विभागाच्या शाखा अभियंत्याकडे याच आठवड्यात जा. मोठं, गुंतागुंतीचं काम असेल तर त्यांच्यामार्फत खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडून प्रतिकृती अभ्यास करून घेण्याबद्दल विचारा.