आयगेनव्हेक्टरला ‘अचल सदिश’ म्हणावं का?

प्रश्न: आमच्या शाळेत गणित मंडळाच्या दिवशी नववी-दहावीच्या मुलांसमोर छोटं भाषण करायचं आहे. फिरणाऱ्या चाकाच्या आसावरून आयगेनव्हेक्टर सांगायचा विचार आहे. मराठीत त्याला ‘अचल सदिश’ म्हटलं तर चालेल का? आणि चाकाचा ‘आस’ म्हणू की ‘अक्ष’?

आयगेनव्हेक्टर म्हणजे फिरवलं किंवा ताणलं तरी आपली रेषा न सोडणारा बाण; त्याला ‘अचल सदिश’ म्हणू नका. का नको, ते आधी आस आणि अक्ष वेगळे केले की लवकर कळेल, म्हणून तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो.

आस म्हणजे दांडा. बैलगाडीचा आस असतो, सायकलचा असतो. अक्ष म्हणजे रेषा, जी हाताला लागत नाही. भूगोलात आपण पृथ्वीचा आस म्हणतो खरं, पण तिथे कुणी दांडा बसवलेला नाही, हे मुलांना माहीत असतं. गणिताच्या भाषणात मात्र हा भेद पाळावा, कारण आस स्वतः फिरतोही आणि फिरत नाहीही. सायकलच्या पुढच्या चाकाचा आस चिमट्यात नटांनी आवळलेला असतो, चाक त्याच्याभोवती फिरतं. रेल्वेच्या डब्याची दोन चाकं आसावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे चाकांबरोबर आसही फिरतो. त्या आसाच्या टोकाला कडेजवळ खडूचा ठिपका दिला तर तो गोल गोल जाईल. तरी दोन्ही ठिकाणी आसाच्या मधोमध जाणारी रेषा जिथल्या तिथेच राहते. आपल्याला हवी आहे ती ही रेषा, म्हणून ‘अक्ष’. (शिवाय ‘आस’ पुल्लिंगी असेल तर दांडा, स्त्रीलिंगी असेल तर ओढ. नववीच्या वर्गात ‘चाकाची आस’ असं तोंडून निघालं, तर पुढची दोन मिनिटं गेलीच म्हणून समजा.)

चाक मात्र हातात उचलून किंवा स्टँडवर ठेवून फिरवा. रस्त्यावर धावणाऱ्या चाकाचा मधला बिंदूच पुढे सरकत असतो आणि आयगेनव्हेक्टरची गोष्ट एक बिंदू जागेवर ठेवूनच सुरू होते. तो बिंदू म्हणजे तुंब्याचा मध्य. तिथून निघणारे बाण म्हणजे आपले सदिश. चाक ९०° फिरवलं की आऱ्यावरचा बाण दुसरीकडे वळतो, तिरका धरलेला बाणही वळतो. अक्षावरचा बाण तेवढा वळत नाही.

इथवर ‘अचल’ शब्द शोभतो. आता तेच चाक बरोबर अर्धा फेरा फिरवा. वर रोखलेला आरा खाली रोखला जातो, म्हणजे बाण उलटा झाला, पण त्याची रेषा तीच राहिली. गणिताच्या व्याख्येत हाही आयगेनव्हेक्टर आहे, त्याचा गुणक, म्हणजे बाण ज्या संख्येने गुणला जातो ती, −१. अर्ध्या फेऱ्यात चाकाच्या प्रतलातला प्रत्येक बाण असाच वागतो. त्याला अचल कसं म्हणणार? आता फिरवणं सोडून ताणणं घ्या. रबराचा पातळ तुकडा आडवा दुप्पट ताणला आणि उभी उंची तेवढीच धरून ठेवली, तर आडवा बाण दुप्पट लांब होतो, उभा तसाच राहतो आणि ४५° वर काढलेला बाण खाली झुकून २७° च्या आसपास येतो. पहिले दोन आयगेनव्हेक्टर, गुणक २ आणि १. तिसरा नाही. त्यातला आडवा बाण लांबीने बदलला, तरी आपल्या रेषेवरून हलला नाही. अट एवढीच आहे: बाण लांब होवो, आखूड होवो, उलटा होवो, रेषा सोडता कामा नये. ‘अचल’ म्हटलं की मुलं गुणक १ ची एकच जात धरून बसतील आणि पुढे कॉलेजात त्यांना ती मोडावी लागेल.

मी तिथे सरळ ‘आयगेन सदिश’ म्हणेन. ‘आयगेन’ हा जर्मन शब्द, अर्थ ‘स्वतःचा’. डेव्हिड हिल्बर्टने १९०४ साली समाकल समीकरणांवरच्या लेखनात तो अशा मूल्यांना आणि फलनांना जोडून वापरला. ‘स्वसदिश’ अर्थाला जवळचा आहे, पण ऐकताना ‘स्वतः सदिश’ असं काहीसं वाटतं. त्यापेक्षा एकदा ‘आपली रेषा न सोडणारा बाण, म्हणजे आयगेन सदिश’ असं सांगून पुढे जावं. आणि गुणकाला शाळेत ‘गुणक’च म्हणा. ‘आयगेन किंमत’ म्हटलंत तर मुलं बाजारात जातील.

भाषणाचा जीव मात्र अजून पुढे आहे. चाकाचा अक्ष डोळ्यांना दिसतोच, मग शोधायचं काय, असं एखादी चुणचुणीत मुलगी विचारणारच. तिच्यासाठी पुठ्ठ्याचं चौकोनी खोकं न्या, सगळ्या बाजू सारख्या असलेलं. मुलांच्या समोरची बाजू, त्यांच्या उजव्या हाताची बाजू आणि वरची बाजू जिथे मिळतात त्या कोपऱ्याला लाल टेप लावा. आता खोकं उभ्या अक्षाभोवती ९०° फिरवा, असं की समोरची बाजू मुलांच्या उजवीकडे जाईल. लाल कोपरा मागे गेला. मग डाव्या-उजव्या दिशेच्या अक्षाभोवती ९०° फिरवा, असं की वरची बाजू मुलांसमोर येईल. लाल कोपरा परत पहिल्या जागी! दोन वेगवेगळ्या अक्षांभोवती फिरवलं, तरी दोन्ही मिळून एकच फेरा झाला आणि त्याचा अक्ष लाल कोपऱ्यातून खोक्याच्या मध्यातून आरपार जाणारा कर्ण निघाला. तिथे आस कुणी बसवला नव्हता.

हे आकड्यांतही दोन ओळींत होतं. समोरची, उजवीकडची आणि वरची दिशा या क्रमाने बाणाचे तीन घटक (a, b, c) लिहा. समोरचं उजवीकडे गेलं, उजवीकडचं वर, वरचं समोर. म्हणून (a, b, c) चा (c, a, b) झाला. बाण तसाच राहायला a = c, b = a, c = b हवं, म्हणजे तिन्ही सारखे: (१, १, १). तोच कर्ण. हीच जोडी तीनदा केली की खोकं मूळ स्थितीत येतं, म्हणजे एका जोडीचा फेरा १२०° चा. मध्य जागेवर ठेवून घन वस्तू कशीही फिरवली तरी असा एक अक्ष सापडतोच, हे लिओनार्ड ऑयलरने १७७५ साली दाखवलं.

फळ्यावर चाक काढणार असाल तर एक सांभाळा. फळ्याच्या सपाटीत ९०° फिरणाऱ्या चित्राला एकही आयगेन सदिश नसतो, कारण तिथला प्रत्येक बाण वळतो. अक्ष फळ्यातून मुलांकडे येतो. तो दाखवायला वर्तुळाच्या मध्यावर खडू फळ्याला काटकोनात टेकवून धरा, फळ्यावर रेषा मारू नका.