टीबीच्या गोळ्यांनी साखर वाढली तर?

प्रश्न: वडिलांना मधुमेह आहे. टीबीचं औषध सुरू झाल्यापासून साखर वाढलीय. टीबीच्या गोळ्या थांबवाव्यात का?

उत्तर: अजिबात नाही, बदलायचं ते मधुमेहाचं औषध, तेही डॉक्टरांना विचारूनच. मी फार्मासिस्ट आहे, ही तक्रार नेहमीची. टीबीच्या संसर्गाने साखर चढते, चढलेली साखर जंतूंशी लढणाऱ्या पेशींना दुबळं करते. त्यात टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे यकृत ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या लवकर मोडून टाकतं, म्हणून जुना डोस पुरत नाही. मधुमेहाचंच दुसरं औषध मेटफॉर्मिन बहुधा चालू राहतं. साखर फारच असेल तर काही काळ इन्सुलिन देतात. मात्र संसर्ग ओसरला की गरज घटते आणि रिफाम्पिसिन बंद झाल्यावर दोनेक आठवड्यांत वाढवलेला डोस जास्त होऊ लागतो. तेव्हा साखर फार उतरून घाम, थरथर जाणवली तर आधी साखर खायला द्या, मग डॉक्टरांना कळवा.