मिस्टर लावून वडिलांनाच हाक मारू नका

प्रश्न: 'कोइमतूरच्या पंप कंपनीच्या परचेसला पहिला मेल लिहायचाय. स्क्रीनवर नाव Karthikeyan Subramaniam असं दिसतं. डिअर कार्तिकेयन लिहू, मिस्टर सुब्रमण्यम, की नुसतं डिअर सर? आणि शेवट काय करू?'

मिस्टर सुब्रमण्यम तेवढं लिहू नका. सुब्रमण्यम हे बहुधा त्यांच्या वडिलांचं नाव आहे.

मी शिरोलीत एका फौंड्रीत डिस्पॅच आणि पत्रव्यवहार बघतो. मीही हेच केलं होतं. समोरच्याचं नाव (इथं बदललंय) Rajendran Palanisamy. आपल्याकडं शेवटचा शब्द आडनाव, म्हणून मी बिनधास्त 'डिअर मिस्टर पलनिसामी' सुरू केलं. चार मेल झाले. चारही उत्तरांखाली सही 'Rajendran' अशी होती आणि मी ती वाचलीच नाही, कारण माझं लक्ष डिलिव्हरीच्या तारखेवर! त्यांनीही चूक दाखवली नाही. भिडस्त माणूस, कशाला दाखवेल?

मग पंप बॉडीचे सहा सॅम्पल कुरिअरनं पाठवले, डॉकेटवर 'मि. पलनिसामी'. गेटवरच्या वॉचमननं रजिस्टर बघितलं आणि या नावाचा कुणी इथं नाही म्हणून पार्सल घेतलं नाही. इथं कुरिअरच्या ऑफिसात गेलो, तर नाव बदलायला कंपनीच्या लेटरहेडवर पत्र आणा. ते नेलं, तर त्यावर शिक्का नाही. शिक्का मारून नेलं, तोवर पार्सल परतीच्या गाडीत चढलेलं. एका शब्दासाठी अकरा दिवस गेले. काउंटरवरच्या त्या साहेबांना 'अहो, फोन नंबर तोच आहे की' हे तीनदा सांगितलं, पण त्यांचा चहा काही थांबला नाही. असो.

तमिळनाडूत बहुतेकांना आडनाव नसतंच. आधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, मग स्वतःचं नाव, म्हणजे 'पी. राजेंद्रन'. आडनाव बहुतेक जातीचं असायचं. स्वाभिमान चळवळीनं 1929 मध्ये चेंगलपट्टूच्या परिषदेत जातीची नावं टाकायचा ठराव केला, आणि ती पुढं मागंच पडली. पण पासपोर्टच्या, संगणकाच्या फॉर्मात आडनावाचा रकाना येतो आणि त्यात वडिलांचं नाव भरलं जातं. म्हणून स्क्रीनवर ते शेवटी दिसतं. बुद्धिबळवाला विश्वनाथन आनंद घ्या: त्याचं स्वतःचं नाव आनंद, विश्वनाथन हे वडील. म्हणजे तिथं वडील आधी, तुमच्या माणसाच्या नावात बहुधा नंतर. नुसत्या क्रमावरून ओळखता येत नाही ते यामुळंच.

मग ओळखायचं कसं? त्यांच्या मेलखालची सही बघा. मेल आयडी `karthikeyan.s@` असा असेल, तर सुटं अक्षर वडिलांचं आणि पूर्ण शब्द त्यांचा. तुमचा पहिलाच मेल आहे, सही हातात नाही, तर बोर्डाच्या नंबरवर फोन लावून ऑपरेटरला विचारा, सरांना कोणत्या नावानं लिहू? दोन मिनिटांचं काम आहे. मग असं लिहा:

```
Dear Mr. Karthikeyan,
...
Regards,
Suresh Patil
```

मिस्टर लावून समोरच्याचं स्वतःचं नाव लिहिणं तिकडं रुक्ष वाटत नाही, तीच रीत आहे. बाई आहेत की पुरुष हे नक्की नसेल तर मिस्टर गाळून पूर्ण नाव लिहा. 'डिअर सर' मला आवडत नाही, माणूस कोण हे न बघताच लिहिल्यासारखं वाटतं. पण टेंडरच्या पत्राला तेच चालतं, आणि मग शेवट 'युवर्स फेथफुली'. नावानं सुरुवात असेल तर 'युवर्स सिन्सिअरली', रोजच्या मेलला 'रिगार्ड्स' पुरे.

स्वतःच्या सहीकडंही बघा. मार्कशीटवर असतं तसं 'पाटील सुरेश दत्तात्रय' लिहिलंत, तर ते तुम्हाला मिस्टर दत्तात्रय म्हणतील, म्हणजे तुमच्या वडिलांनाच हाक!

हे सगळं तमिळनाडूपुरतं. मी काही भाषेचा जाणकार नव्हे. तेलुगू लोकांत आद्याक्षर घराण्याचं असतं, केरळात आणखी वेगळं. निपाणी-बेळगावकडं आपल्यासारखीच आडनावं. गुजरातला रमेशभाई, म्हणजे पहिलं नाव आणि भाई, मिस्टर कुणी लावत नाही. आणि इथल्या इथं, कागलच्या एमआयडीसीत 'पाटीलसाहेब' लिहाल तर एकाच ऑफिसात तिघं मान वर करतील, तिथं पहिलं नाव घाला. मराठीतून पत्र असेल तर मा. सुरेश पाटीलसाहेब, स.न.वि.वि., खाली कळावे.

राजेंद्रन सरांची मी नंतर फोनवर माफी मागितली. ते म्हणाले, वडील असते तर सॅम्पल त्यांनीच तपासले असते, ते टर्नर होते.